आयडीबीआयचे ते २५ वर्षांचे बाँड

> पूर्ण मुदतीचं व्याज ठरलेलं असताना कंपनी मध्येच पैसे परत कशी करू शकते?

कॉल ऑप्शन, म्हणजे मुदतीआधीच बाँड परत घेण्याचा कंपनीचा हक्क, असेल तर करू शकते. आयडीबीआयचा १९९२ चा डीप डिस्काउंट बाँड आठवा. २,७०० रुपये भरा, २५ वर्षांनी एक लाख घ्या, म्हणजे वर्षाला साधारण १५.५ टक्के. २००२ पर्यंत व्याजदर बरेच उतरले होते, आणि आयडीबीआयने १२,००० रुपये देऊन बाँड परत घेतले. स्वस्तात नवं कर्ज मिळत असताना जुनं महाग कर्ज कोण ठेवेल? लोकांनी मात्र जाहिरातीतला लाखच लक्षात ठेवला होता!

आता ते १२,००० समजा ८ टक्क्यांनी उरलेली १५ वर्षं गुंतवले, तर होतात सुमारे ३८,०००. म्हणून घेताना 'यील्ड टू कॉल', म्हणजे कंपनीने बाँड मध्येच परत घेतला तर तोवर वर्षाला किती टक्के पडतील, तेही विचारा.