मदत हवी आहे: लाइव्ह सेटमध्ये १:४७:२० ला वाजणारं गाणं कोणतं? आधीचं आणि नंतरचं मिळालंय

बोरिवली_स्लो
मंडळी, तीन आठवडे डोकं खाल्लंय या गाण्याने. बांद्र्यातल्या एका गच्चीवर झालेला सेट आहे, पावणेतीन तासांचा, लाइव्ह चालू असताना अर्धा ऐकला आणि उरलेला नंतर लोकलमध्ये. १:४७:२० ला एका बाईचा आवाज येतो, शब्द नाहीत, नुसता आलाप म्हणा किंवा गुणगुणणं. त्याच्याखाली ऑर्गन चालू असतो. जेमतेम ५० सेकंद, मग गायब.

आधीचं गाणं शझामने १:४३ च्या आसपास पकडलं. नंतरचं १:४९:२२ ला मुख्य ठोका पडल्यावर पकडलं. मधल्यावर मात्र पंधरा वेळा प्रयत्न केला, काही नाही. डीजेला मेसेज केला, वाचला, उत्तर नाही. लाइव्ह चॅटमध्ये कोणीतरी २:०१ ला "हे कुठलं?" विचारलंय, पण त्या वेळेला व्हिडिओत भलतंच काहीतरी वाजतंय.

अजून एक. आवाज येतो तेव्हा सूर थरथरल्यासारखा वाटतो, सेकंदाला तीन-चार वेळा. माझे इअरफोन खराब आहेत का?

बेंजो_लालबाग
ताई, सोपं आहे. डीजे गाणी वेग वाढवून वाजवतो म्हणून शझामला ओळखत नाही. आधीच्या गाण्याचा मूळ बीपीएम काढ, सेटमधला काढ, किती टक्के वाढवलाय ते बघ आणि तेवढेच टक्के तुझी क्लिप हळू कर. मग शझामला दे. आमच्या पार्टीत कोणाचं गाणं उचलायचं असलं की आम्ही असंच करतो.

बोरिवली_स्लो
केलं दादा. आधीचं गाणं मूळ १२२, सेटमध्ये १२६. म्हणजे ३.३ टक्के. क्लिप तेवढी हळू केली. शझाम गप्पच.

ठाणे_काका
माझाही असाच प्रश्न आहे. १९९४ च्या माझ्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट मुलाने कम्प्युटरवर घेतली आहे. हळदीच्या वेळी मागे टेपवर एकामागून एक गाणी चालू होती. तीन ओळखली, चौथं कोणतं ते हिलाही आठवत नाही. कुणाला व्हिडिओ पाठवू?

तबकडी_दादर
काका, तुमच्याकडे येतो. आधी ताईंचं.

बेंजोभाऊंचं अर्धं बरोबर आहे. सेटमध्ये सगळ्या गाण्यांना सामाईक असतो तो १२६ चा वेग, टक्के नाहीत. आधीची तबकडी १२२ ची होती म्हणून तिला ३.३ टक्के ढकलावं लागलं. मधली मुळात १२४ ची असेल तर तिला १.६ टक्केच पुरेत आणि १२८ ची असेल तर उलट ओढून धरावी लागेल. शेजाऱ्याचे टक्के मधल्याला लावले की क्लिप अजूनच बिघडते.

तरी शेजारी कामाचे आहेतच, पण दुसऱ्या गोष्टीसाठी. पहिला प्रश्न असा की डीजेने वेगाबरोबर सूरही वर जाऊ दिलाय की मशीनवर सूर बांधून ठेवलाय? आधीच्या गाण्यात लांब धरलेला एखादा सूर शोधा. मूळ गाण्यात आणि सेटमध्ये तोच सूर ऑडॅसिटीत निवडा आणि `Plot Spectrum` मध्ये शिखर कुठे येतं ते दोन्हीकडे बघा. आकडे तेच आले तर सूर बांधलेला आहे आणि माझी पुढची युक्ती फुकट. सेटमधला आकडा ३.३ टक्के मोठा असेल तर बांधलेला नाही, आणि मग मजा आहे.

लाइव्ह चॅटचं म्हणाल तर तिथल्या वेळेवर जाऊ नका. प्रक्षेपण संपल्यावर सुरुवातीचा रिकामा भाग कापला असेल तर सगळ्या वेळा तितक्या सरकतात. चॅटमध्ये कोणी तुम्हाला मिळालेल्या गाण्याचं नाव लिहिलंय का बघा, त्यावरून फरक कळेल.

बोरिवली_स्लो
चॅट बघितलं. नंतरच्या गाण्याचं नाव कोणीतरी २:०३ ला ओरडून लिहिलंय आणि व्हिडिओत ते १:४९ ला आहे. म्हणजे १४ मिनिटांचा फरक. मग २:०१ चा "हे कुठलं?" माझाच प्रश्न निघाला! उत्तर मात्र तिथेही कोणी दिलेलं नाही.

सुराचं: मूळ गाण्यात ४४०, सेटमध्ये ४५४ च्या थोडं वर.

तबकडी_दादर
४४० ला १२६ ने गुणा आणि १२२ ने भागा, ४५४.४ येतात. तुमचं तेच आलं. म्हणजे सूर बांधलेला नाही, वेग वाढला तसा सूरही चढलाय.

आता मधल्या गाण्याचा मूळ वेग त्याच्या सुरावरूनच निघेल. सिंथ आणि ड्रम मशीनवर केलेली बहुतेक गाणी ४४० च्या हिशोबाने लावलेली असतात आणि त्यांचा बीपीएम पूर्णांकात असतो. सेटमध्ये तो सूर किती सरकलाय हे कळलं की वेग किती वाढवला ते कळतं. आवाज यायच्या आधी ऑर्गन एकटा असेल तिथे मोजा. बाईच्या आवाजावर मोजू नका, माणसाचा गळा सुराभोवती फिरतो.

बोरिवली_स्लो
१:४६:१० ला ऑर्गन एकटा आहे. शिखर ४४७.

तबकडी_दादर
४४७ ला ४४० ने भागलं की १.०१६. १२६ ला १.०१६ ने भागलं की १२४. चोख पूर्णांक आला, शंका नको. हाच सूर वरच्या पट्टीपासून उतरलेला धरला तर मूळ वेग १३१ च्या पुढे आणि अपूर्णांकात जातो, ते इथे बसत नाही. हा ताळा नेहमी करावा, कारण १२१ ची तबकडी चढवलेली आणि १२८ ची उतरवलेली सुराच्या मोजमापात जवळपास सारख्याच दिसतात.

क्लिप १२४ वर आणायची तर:

```
ffmpeg -i clip.wav -af "aresample=44100,asetrate=43400,aresample=44100" out.wav
```

४४१०० ला १२६ ने भागलं की बरोबर ३५० येतात, त्याला १२४ ने गुणलं की ४३४००. दुसऱ्या वेगासाठी ३५० ला तो आकडा गुणा. ऑडॅसिटीतून वेग बदलायचा असेल तर सूर आणि वेग दोन्ही बदलणारा पर्याय घ्या, फक्त टेम्पोवाला नाही.

रात्रपाळी
मधे तोंड घालतो. १:४७:२० ते १:४९:२२ म्हणजे १२२ सेकंद. १२६ च्या वेगाने २५६ ठोके होतात, म्हणजे नेमके ६४ बार. आवाज नंतरच्या गाण्याशी बरोबर जुळून सुरू होतोय. तो आवाज मधल्या गाण्याचा नाहीच, नंतरच्या गाण्याचा आहे! पुरावा मिळाला.

तबकडी_दादर
पुरावा नाही. बरा डीजे नवीन गाणं जुन्याच्या बारच्या सुरुवातीला आणि ३२ ठोक्यांच्या टप्प्यावरच आणतो, त्यामुळे मधल्या गाण्यातला आवाजही त्याच जाळीवर बसला असता. पण संशय बरोबर ठिकाणी आहे. ताई, ती थरथर फक्त आवाज असतानाच येते ना? आवाजाखाली दुसरा एखादा धरलेला सूर आहे का बघा.

बोरिवली_स्लो
आहे! खूप बारीक, सिंथसारखा, आवाज सुरू झाल्यावर येतो आणि आवाजाबरोबर जातो. १:४७:४० ला निवड केली तर दोन शिखरं दिसतात, ४४७ आणि ४४३.५. आधी वाटलं मीच चुकतेय, म्हणून निवड लांब केली, `Size` वाढवला, तरी दोनच.

तबकडी_दादर
तुमचे इअरफोन ठीक आहेत. ४४७ मधून ४४३.५ वजा करा, सेकंदाला साडेतीन वेळा थरथर. एकाच सुराच्या दोन तबकड्या वेगवेगळ्या टक्क्यांनी सरकल्या की असं होतं. तंबोऱ्याच्या दोन तारा जुळत आलेल्या असताना जी लहर ऐकू येते, तीच ही.

आता ४४३.५ भागिले ४४० म्हणजे १.००८. १२६ भागिले १.००८ म्हणजे १२५. नंतरच्या गाण्याचा मूळ बीपीएम किती?

बोरिवली_स्लो
१२५. 😶

पण मी ते गाणं पूर्ण ऐकलंय, त्यात बाईचा आवाज कुठेच नाही.

रात्रपाळी
किती मिनिटांचं ऐकलंस?

बोरिवली_स्लो
३:२०.

रात्रपाळी
ती छोटी आवृत्ती. डीजे ती कशाला वाजवेल, तिला मिसळायला जागाच नसते. सहा-सात मिनिटांची लांब आवृत्ती असेल, सुरुवातीची दोन मिनिटं त्यातच असतात. डिस्कॉग्जवर त्या रेकॉर्डचं पान उघड आणि ए आणि बी दोन्ही बाजूंच्या गाण्यांची लांबी बघ. शझाम सगळ्या आवृत्त्यांना बऱ्याचदा एकच नाव देतं, त्यामुळे आपण फसतो.

बोरिवली_स्लो
मिळालं!!! बी बाजूला ६:५० ची आवृत्ती आहे. सुरुवातीला नुसते ड्रम, मग ती बाई आणि तिच्याखाली तो सिंथ. आज चर्चगेटपासून बोरिवलीपर्यंत तेवढंच ऐकत आले. छोट्या आवृत्तीत तो सगळा भाग कापलाय.

ऑर्गनचं मात्र काही झालं नाही. १२४ वर आणलेली क्लिप दिली, शझाम अजूनही नाही म्हणतंय.

बेंजो_लालबाग
म्हणजे माझे ३.३ टक्के वायाच.

तबकडी_दादर
वाया नाहीत, ते ठाणेकर काकांना द्या. काका, तुमच्या कॅसेटचं गणित उलटं आहे. तिथे गाणी कोणी मिसळलेली नाहीत. व्हीसीआर किंवा टेप जोरात पळत असेल तर चारही गाणी जवळपास सारख्याच टक्क्यांनी पळतात. ओळखलेल्या तीन गाण्यांपैकी एकाचा मूळ सूर आणि तुमच्या व्हिडिओतला सूर ताडून बघा, जो फरक येईल तोच चौथ्याला लावा. बेंजोभाऊंची पद्धत तिथे शंभर टक्के लागू आहे.

ठाणे_काका
सॉफ्टवेअर येत नाही पण पेटी येते. पहिलं गाणं मूळ रेकॉर्डमध्ये पांढरी एक. आमच्या व्हिडिओत ते पांढरी एक आणि काळी एक यांच्या मधे कुठेतरी बसतंय, पेटीवर कुठलीच पट्टी लागत नाही.

तबकडी_दादर
वा काका. अर्धी पट्टी म्हणजे साधारण तीन टक्के. मुलाला सांगा सगळा आवाज तीन टक्के हळू कर, मग पहिलं गाणं पेटीच्या पांढरी एकला लागतंय का बघा. लागलं की चौथं शझामला द्या. मागे बायका बोलत असतील तर त्या जिथे गप्प आहेत असे दहा सेकंद निवडा.

ठाणे_काका
हळदीत बायका गप्प? बघतो शोधून.

तबकडी_दादर
ताई, ऑर्गनसाठी एक अंदाज. शझाम नाही म्हणतंय याचा अर्थ गाणं त्याच्या साठ्यात नसेल किंवा वर ड्रम दुसऱ्या तबकडीचे असतील. आधीचं आणि नंतरचं गाणं एकाच लेबलचं आहे का बघितलंत?

बोरिवली_स्लो
वेगवेगळी लेबलं, पण दोन्ही त्याच शहरातली. दोन्ही लेबलांची यादी काढून १२४ ची गाणी ऐकत बसलेय, आतापर्यंत अकरा झाली. कोणाला ऐकायचं असेल तर १:४५:५० ते १:४६:३० ऐका, तिथे ऑर्गन सगळ्यात मोकळा आहे. क्लिप १२४ वर आणून खाली जोडली आहे.