मदत हवी आहे: दसऱ्याच्या मेसेजमध्ये आशीर्वाद कोणी कोणाला द्यायचा?

आमच्या घरच्या ग्रुपवर ४३ जण आहेत. माईआजी ८६ वर्षांच्या, सर्वांत धाकटी चिमी पहिलीत. या वर्षी दसऱ्याचा मेसेज माझ्या गळ्यात पडलाय. गेल्या वर्षी चुलतभावाने सरसकट "सोनं घ्या, सोन्यासारखे राहा" टाकलं, तर मोठे काका म्हणाले, "अरे, आता आम्हाला आशीर्वाद तू देणार का?" मुद्दा बरोबर होता. आपट्याची पानं मोठ्यांच्या हातात ठेवून आपण वाकतो, 'सोन्यासारखा राहा' हे ते म्हणतात.

म्हणून मी असं लिहिलंय:

"माईआजी, सगळे काका-काकू, आत्या, मामा-मामी, तुम्हाला दसऱ्याचा वाकून नमस्कार. दादा-वहिनी, ताई-भाऊजी, तुम्हाला सोनं. बच्चेकंपनी, पाटीवर सरस्वती काढली की फोटो टाका! संध्याकाळी सोनं द्यायला येतोय."

आता वाचताना लक्षात आलं, मावशी राहिल्याच! नाती मोजत बसलं की हे असं होतं. सगळ्यांना मिळून 'वडीलधारी मंडळी' म्हटलं तर फार पत्रिकेसारखं वाटेल का?

खरी अडचण वेगळीच आहे. धाकटे काका श्रावणात गेले. काकूंकडे यंदा सण नाही आणि त्या याच ग्रुपवर आहेत. आई म्हणते, ग्रुपवर टाक, पण त्याआधी त्यांना फोन कर. फोनवर नेमकं काय बोलू? मेसेजमध्ये काकांची आठवण काढावी की नको? तुमच्याकडे अशा वर्षी काय करतात?