शब्दचर्चा: कपॅसिटर डीसी ‘अडवतो’ आणि एसी ‘सोडतो’, म्हणजे काय?

विद्यार्थिनी, धंतोली: पुस्तकात आहे, ‘धारित्र एकदिश प्रवाह अडवतं, प्रत्यावर्ती जाऊ देतं’. पण आत दोन पत्र्यांच्या मधे प्लास्टिक असतं ना? मग जातं काय? ‘जाऊ देतं’ हे क्रियापद बरोबर आहे का?

वाचक, महाल: एसीची दिशा सारखी उलटते, त्या धक्क्याने इलेक्ट्रॉन पलीकडे उडी मारतात. डीसीची दिशा एकच, म्हणून तो अडतो. उत्तर ‘एकदिश’ शब्दातच आहे.

अँप्लिफायर दुरुस्ती, सीताबर्डी: उडी नाही मारत, भाऊ. मारली तर कंडेन्सर शॉर्ट झाला समजा. दिशा बदलण्याचं म्हणाल, तर माझ्या बाकावरचंच बघा. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरवर 6 व्होल्ट आहेत. आवाज आला की ते 5 ते 7 च्या मधे हलतात, शून्याखाली कधीच जात नाहीत. तरी आवाज पुढे जातो.

ताई, असं बघ. कंडेन्सरचा डावा पाय या 6 व्होल्टवर, उजव्या पायापासून ग्राउंडला 10 किलोओमचा रेझिस्टर. चालू करताच क्षणभर प्रवाह वाहतो, पत्र्यांवर चार्ज साठतो, दोन पायांत 6 व्होल्टचा फरक पडतो आणि प्रवाह थांबतो. उजवीकडे शून्य. हे झालं ‘अडवणं’. आता डावीकडे एकदम 7 झाले. साठलेला 6 चा फरक लगेच बदलत नाही, म्हणून उजवीकडे 1 येतो. डावीकडे 5 झाले की उजवीकडे उणे 1. मधून काही गेलं नाही, पण हालचाल जशीच्या तशी पोचली.

‘लगेच’ म्हणजे किती? 1 मायक्रोफॅरड असेल तर 10 किलोओमसोबत साधारण 0.01 सेकंद. 1000 हर्ट्झचं आवर्तन 0.001 सेकंदात संपतं, कंडेन्सरला चार्ज बदलायला वेळच मिळत नाही. तिथेच 0.1 मायक्रोफॅरड लावला तर सुमारे 160 हर्ट्झच्या खालचा बेस पातळ होतो.

वाचक, महाल: म्हणजे ‘स्थिर’ आणि ‘बदलता’ म्हणायला हवं. पण 5 ते 7 मधला बदल एसी म्हणायचा की डीसी?

अँप्लिफायर दुरुस्ती, सीताबर्डी: आम्ही म्हणतो, 6 डीसी आणि त्यावर 1 चं सिग्नल. पुस्तकवाले काय म्हणतात ते त्यांनी सांगावं.

कूलरवाले, इतवारी: आमच्याकडे कूलरची मोटर नुसती घूं करते, पातं हाताने ढकललं की फिरते. कंडेन्सर एसी सोडत नसेल का?

अँप्लिफायर दुरुस्ती, सीताबर्डी: बहुतेक त्याची मायक्रोफॅरड उतरली आहे. तिथेही चार्ज पत्र्यांवर सेकंदाला 50 वेळा येतो-जातो, तोच दुसऱ्या वाइंडिंगचा प्रवाह. क्षमता कमी झाली की तो प्रवाह कमी, मग मोटर उठत नाही. बदलताना त्यावर लिहिलेला आकडाच घ्या.

विद्यार्थिनी, धंतोली: आणि ‘अडवणं’ बिघडलं हे कसं कळतं?

अँप्लिफायर दुरुस्ती, सीताबर्डी: आवाज बंद ठेवून उजव्या पायावर मीटर डीसीवर लाव. शून्याजवळ हवं. अर्धा-एक व्होल्ट टिकून दिसला तर कंडेन्सर लीक आहे. पण चालू केल्याबरोबर नको मोजू, मोठा असेल तर थोडा थांब.

विद्यार्थिनी, धंतोली: मग ‘जाऊ देतं’ऐवजी ‘पोचवतं’ लिहू?

वाचक, महाल: मला ‘पोचवतं’ पटतं. परीक्षेत मात्र छापलेलंच लिही.