मदत हवी आहे: नव्या आयफोनवर चॅट मार्चपर्यंतचेच आले, पुढचे कुठं गेले?

हळदवाला_सांगली
नवा आयफोन घेऊन तिसरा दिवस. जुना पण आयफोनच. सेटअपमध्ये क्लाऊडवरून घ्यायचं का विचारलं, तेच दाबलं आणि रात्रभर लावून ठेवला. सकाळी बघतो तर चॅट १४ मार्चपर्यंतचेच, पुढचे तीन महिने गायब. वजनाचे फोटो, शेतकऱ्यांचे खाते नंबर, सगळं त्यातच. उद्या पट्ट्या करायच्यात. लवकर सांगा.

मिरजेचा_पक्या
चॅट म्हणजे व्हॉट्सॲप का Messages?

हळदवाला_सांगली
व्हॉट्सॲप ओ. दुसरं कोण वापरतंय इथं?

कृष्णाकाठ
मी अँड्रॉइडवरून आयफोनवर आलो तेव्हा Move to iOS नं झालं होतं. ते टाका.

मिरजेचा_पक्या
त्यांचे दोन्ही आयफोन आहेत, वाचा की आधी.

संध्या_विश्रामबाग
दादा, क्लाऊडवर जागा किती आहे? आणि जुना फोन आहे कुठं? पुसला तर नाही ना?

हळदवाला_सांगली
५ जीबी, फुकटवाली. "भरली" म्हणून सारखं यायचं, मी घालवायचो. व्हॉट्सॲपच ३१ जीबी आहे. जुना फोन मेहुण्याला दिलाय.

संध्या_विश्रामबाग
मग चॅट हरवलेले नाहीत, ते क्लाऊडवर गेलेच नव्हते. जागा संपली तेव्हा बॅकअप थांबला, तो १४ मार्चचा. सेटअपमध्ये बॅकअप निवडताना तारीख लिहिलेली असते, ती बघायची राहिली. फोनवरून फोनवर थेट घेतलं असतं तर त्या दिवशी जुन्यात जे होतं तेच आलं असतं. त्याला क्लाऊडवर जागाही लागत नाही. फक्त दोन्ही फोन शेजारी चार्जिंगला ठेवायचे आणि संपेपर्यंत हात लावायचा नाही.
आधी मेहुण्यांना फोन करा. जुन्यातलं व्हॉट्सॲप काढू नका, फोन रिसेट करू नका म्हणावं. तेवढी एकच जागा उरलीय.

सातारी_बाणा
थेट वगैरे नको. माझ्याकडे २०० जीबीचा प्लॅन आहे, तीन फोन बदलले, एक मेसेज गेला नाही. शिवाय नवा फोन घेतला की ॲपल २१ दिवस तात्पुरती जागा देतं. Settings मध्ये General, त्यात Transfer or Reset iPhone, वर Get Started. नव्या फोनवर दाबा, झालं.

संध्या_विश्रामबाग
जागा मिळते हे खरं, पण दाबायचं जुन्या फोनवर. बॅकअप त्याचा घ्यायचाय ना! शिवाय तो परत उतरवायला नवा फोन पुसावा लागेल. नुसत्या चॅटसाठी एवढा खटाटोप कशाला?

सातारी_बाणा
जुना फोन कृष्णेत पडला असता तर थेट कुठून घेतलं असतं?

संध्या_विश्रामबाग
तेव्हा क्लाऊडच. पण रोजचा बॅकअप चालू असला तरच. त्यांचा तीन महिने बंद होता.

हळदवाला_सांगली
भांडा नंतर. मेहुण्यानं अजून पुसला नाही, नशीब. आणून दिलाय. पण व्हॉट्सॲप उघडलं तर नंबर मागतंय.

संध्या_विश्रामबाग
नव्या फोनवर सुरू केल्यामुळं जुन्यातून बाहेर पडलंय. ॲप काढलेलं नसेल तर चॅट आत आहेत. आधी जुना फोन लॅपटॉपला लावून त्याचा बॅकअप घ्या, काही बिघडलं तर तोच आधार.
मग जुन्यावर तोच नंबर टाका. सहा आकडी कोड सिम असलेल्या नव्या फोनवर येईल, तो जुन्यात टाका. घाईत चुकीचे कोड मारलेत तर तासन् तास थांबवतं. जूनपर्यंतचे चॅट दिसले की नव्यातलं व्हॉट्सॲप काढून पुन्हा घ्या. जुन्यावर व्हॉट्सॲपमध्येच Settings, Chats, Transfer Chats to iPhone, Start. नव्यावर नंबर टाकला की इतिहास आणायचा का विचारेल. Continue दाबून जुन्याचा कॅमेरा नव्याच्या क्यूआरवर धरा. दोन्हीकडं ॲप उघडं आणि स्क्रीन चालू राहू दे.

हळदवाला_सांगली
आणि नव्यावर तीन दिवसांत आलेले?

संध्या_विश्रामबाग
ते जातील. दोन्हीकडचे चॅट एकत्र होत नाहीत. कामाच्या चार-पाच चॅटचं Export Chat करून स्वतःला मेल करा, जुन्यावर नंबर टाकायच्या आधी. नंतर नव्यातलं व्हॉट्सॲप बाहेर पडेल.

कृष्णाकाठ
यंदा हळदीला दर काय चाललाय हो?

हळदवाला_सांगली
ते उद्या सांगतो. जूनपर्यंतचे दिसले ताई, सगळे! क्यूआर घेतला, पण मघापासून आकडा हलत नाही.

मिरजेचा_पक्या
जुन्याची स्क्रीन बंद झाली असेल. Auto-Lock ला Never करा.

हळदवाला_सांगली
तेच होतं. परत लावलंय, आता चाललंय. मेहुणा शेजारीच बसलाय, फोन कधी देताय विचारतोय.

संध्या_विश्रामबाग
नव्यात एखादा मे महिन्यातला फोटो उघडून बघा, मगच द्या. नुसती नावं दिसली म्हणून देऊ नका.