नंबर प्लेटवरून गाडीची खरी रुंदी काढायची आहे (फोटो आहेत, गाडी नाशिकला)

नौपाड्याचा_मध्या
नौपाड्यात आमची जुनी तीन मजली इमारत आहे. आत गाडी न्यायला दोन दगडी खांबांमधली मोकळी जागा १.९८ मीटर, टेपने मोजलेली. नाशिकच्या एका ओळखीच्या माणसाची जुनी जीप घ्यायचा विचार आहे. पहिल्या मालकाने रुंद टायर टाकून चाकांवर बाहेर आलेले फ्लेअर बसवलेत, त्यामुळे कंपनीच्या माहितीपत्रकातली रुंदी उपयोगाची नाही. टेप लावून सांगा म्हटलं तर "साधारण पावणेदोन मीटर असेल हो" एवढंच उत्तर येतं. समोरून काढलेला एक फोटो आहे. नंबर प्लेटवरून रुंदी काढता येते असं ऐकलंय. कशी काढायची, आणि त्यावर किती विसंबायचं?

वाशीचा_विन्या
सोपं आहे. चारचाकीची हाय सिक्युरिटी प्लेट ५०० मिमी रुंद असते. फोटोत प्लेट किती पिक्सेल आणि गाडी किती पिक्सेल ते मोज, त्रैराशिक मांड, संपलं.

नौपाड्याचा_मध्या
मोजलं. प्लेट ४१२ पिक्सेल, फ्लेअरच्या टोकापासून टोकापर्यंत १३४०. म्हणजे १६२६ मिमी. मग तर दोन्ही बाजूंना वीतभर जागा उरते! टोकन देऊन टाकू का?

लोलक
मध्या, थांबा. विन्याने सांगितलेलं गणित बरोबर आहे, पण ते प्लेटच्या पातळीपुरतं. फ्लेअर प्लेटच्या पातळीत नाहीत, चाकावर आहेत, म्हणजे कॅमेऱ्यापासून आणखी लांब. लांबची वस्तू फोटोत लहान दिसते, त्यामुळे हा आकडा नेहमी कमीच येणार. जवळून काढलेल्या फोटोत तर चांगलाच कमी.

आधी प्लेटची खात्री करा. डावीकडे वर चक्राचा होलोग्राम आणि खाली निळं IND दिसतंय का? प्लेटची उंची किती पिक्सेल? चारचाकीला ५०० × १२० असते तशी ३४० × २०० अशी दोन ओळींचीही असते, आणि जीपला मागे बऱ्याचदा तीच दिसते. दुकानातून बनवलेली जुनी प्लेट असेल तर तिच्या मापाचा काहीच भरवसा नाही.

नौपाड्याचा_मध्या
होलोग्राम आहे, IND आहे. उंची ९९ पिक्सेल. एका ओळीचीच आहे.

लोलक
४१२ भागिले ९९ म्हणजे ४.१६. ५०० ला १२० ने भागलं तर ४.१७. छान. प्लेटभोवती काळी प्लास्टिकची चौकट असते, ती चुकून मोजली असती तर हे गुणोत्तर पावणेचारच्या आसपास आलं असतं. प्लेट वर-खाली कललेली असेल तर उंची कमी दिसते, रुंदी नाही, म्हणून मोजायला रुंदीच घ्यायची.

आता दोन गोष्टी हव्यात. एक, मूळ फोटो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आला असेल तर कॅमेऱ्याची माहिती गळून जाते. डॉक्युमेंट म्हणून मागवा, आणि त्यात ३५ मिमीच्या हिशोबाने फोकल लेंथ किती लिहिली आहे ते बघा. दोन, गाडीचा बाजूने काढलेला फोटो आणि टायरवर छापलेलं माप.

घणसोली_७
माझंही असंच आहे. सोसायटीच्या सीसीटीव्हीत माझ्या गाडीला घासून गेलेली गाडी दिसतेय, तिरपी. नंबर वाचता येत नाही, पण प्लेट दिसते. रुंदीवरून स्विफ्ट की बलेनो ते ठरवता येईल का?

लोलक
नाही जमणार. तुमच्या फुटेजमध्ये प्लेट तीसेक पिक्सेलची असेल. त्यात एक पिक्सेल इकडेतिकडे झाला की गाडीच्या रुंदीत सहा सेंटिमीटरचा फरक पडतो. स्विफ्ट १७३५ मिमी, बलेनो १७४५. शिवाय गाडी तिरपी असेल तर मागचा भाग कुठे संपतो आणि बाजू कुठे सुरू होते हेच नीट कळत नाही. दिव्यांच्या आकारावरून ओळखा, ते जास्त खात्रीचं.

नौपाड्याचा_मध्या
मूळ फोटो आला. ४००० × ३०००, फोकल लेंथ २६. टायर २३५/७० आर १६. बाजूच्या फोटोत पुढचं चाक आडवं ३६८ पिक्सेल, आणि बंपरच्या पुढच्या कडेपासून चाकाच्या मध्यापर्यंत ३१० पिक्सेल.

लोलक
चाक आडवं मोजलंत ते उत्तम, उभं मोजलं तर खाली दबलेला टायर फसवतो.

टायरचा व्यास: रिम १६ इंच म्हणजे ४०६ मिमी, त्यात दोन्हीकडचा रबर, २३५ च्या ७० टक्के दोनदा, म्हणजे ३२९. एकूण ७३५. तेव्हा बाजूच्या फोटोत एक पिक्सेल म्हणजे २ मिमी आणि चाकाचा मध्य बंपरपासून ६२० मिमी मागे. बंपर सरळ पट्टीसारखा असेल तरच हे चालेल, गोल वळलेला असेल तर नाही.

कॅमेऱ्याची फोकल लेंथ पिक्सेलमध्ये काढू. ३५ मिमी फिल्मचा कर्ण ४३.३ मिमी, तुमच्या फोटोचा ५००० पिक्सेल. २६ ला ४३.३ ने भागून ५००० ने गुणलं की साधारण ३००० येतात. मग:

```
रुंदी = 1340 × 500/412 + 1340 × 620/3000
      = 1626 + 277
      = 1903 मिमी
```

पहिलं पद म्हणजे विन्याचं उत्तर, दुसरं म्हणजे चाक मागे असल्याची भरपाई. फोकल लेंथ थोडी चुकली तरी फक्त दुसरं पद हलतं, तीन टक्क्यांना आठ मिमी. खरी भीती त्या ६२० ची. ते पाच सेंटिमीटरने चुकलं तर रुंदी बावीस मिमीने चुकते. मी १.९० मीटर, तीन-चार सेंटिमीटर कमीजास्त, एवढंच म्हणेन.

वाशीचा_विन्या
बाप रे, जवळजवळ फूटभर फरक. पण मग लांबून काढलेल्या फोटोत माझं गणित चाललं असतं ना?

लोलक
बरंचसं. हा फोटो साडेतीन-पावणेचार मीटरवरून काढलाय. आठ मीटरवर उभं राहून झूम केलं असतं तर चूक निम्म्याहून कमी झाली असती. मध्या, जमलं तर तसा एक फोटो मागवा. मूळ फाइलच हवी, कापलेली नको, आणि कॅमेरा प्लेटच्या उंचीवर, गाडीच्या बरोबर मध्यावर. प्लेटची डावी आणि उजवी कड सारख्याच उंचीची दिसली की समजा सरळ समोरून आहे.

मीनल_ठा
१.९८ मधून १.९० गेले की प्रत्येक बाजूला चार सेंटिमीटर. आमच्याकडे फाटक उघडल्यावर त्याची पाती खांबाच्या आतल्या बाजूला येतात आणि तेवढी जागा खातात. तुमची १.९८ पाती उघडी ठेवून मोजलीत का? आणि गल्लीतून सरळ आत जाता येतं की वळून?

नौपाड्याचा_मध्या
पाती नाहीत, नुसते खांब. पण गल्लीतून वळूनच आत यावं लागतं. आरसे मिटता येतात, फ्लेअर नाही मिटत.

लोलक
वळून असेल तर चार सेंटिमीटरमध्ये रोज नेणं मला अशक्य वाटतं. फ्लेअर काढून मूळ मापाचे टायर टाकायला तुमची तयारी आहे का, तो वेगळा प्रश्न.

वाशीचा_विन्या
लोकांनी यापेक्षा अरुंद फाटकातून जीप काढलेल्या मी पाहिल्यात. आठ मीटरवाला फोटो आला की इथे टाक रे.