मदत हवी आहे: 'आजचा खास'मध्ये 'स्वर्गीय', 'अप्रतिम' सोडून काय लिहू?

सोलकढी: पुण्यात आमची छोटी मालवणी खानावळ आहे. स्वयंपाक वहिनी बघते, फळा आणि व्हॉट्सॲप स्टेटस लिहिणं माझ्याकडे. उद्या बांगड्याचं तिखलं आहे. मागच्या वेळी मी लिहिलं होतं:

"आज खास! स्वर्गीय चवीचं अस्सल मालवणी तिखलं! बोटं चाटत राहाल!"

त्यावर सात-आठ फोन आले आणि सगळे विचारत होते, तिखलं म्हणजे काय, रस्सा असतो का? एवढं लिहून मी काहीच सांगितलं नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. नव्याने कसं लिहू?

खवय्या_नाशिक: 'झणझणीत', 'कुरकुरीत' असे नादाचे शब्द घाला. वाचतानाच तोंडाला पाणी सुटतं.

जुनी_पाटी: नादाचे शब्द चांगलेच, पण ते पदार्थाला लागू पडायला हवेत. रश्शात शिजलेला बांगडा कुरकुरीत कसा असेल? आणि वाटणात बेडगी असेल तर रंग लालभडक येतो, तिखटपणा बेताचाच. 'झणझणीत' वाचून आलेलं गिऱ्हाईक नाराज होऊन जाईल. वहिनींना विचारा, झाकण काढल्यावर पहिला वास कशाचा येतो? रस्सा किती? आंबट कशाने केलंय?

पुरणवाली: मीही रोज 'मऊसूत पुरणपोळी' लिहिते, तरी ऑर्डर वाढत नाहीत. तिखल्यात कांदा घालता का हो?

सोलकढी: आमच्याकडे नाही घालत. वहिनी म्हणते, मिरची बेडगीच. पहिला वास तिरफळाचा, ते ठेचून शेवटी पडतं. रस्सा अंगाबरोबर. आंबटाला कोकम. गॅस बंद केल्यावर वरून कच्चं खोबरेल.

जुनी_पाटी: मग हेच लिहा की:

"बांगड्याचं तिखलं. बेडगीच्या लाल वाटणाचा अंगाबरोबर रस्सा, कोकमाचा आंबटपणा, ठेचलेल्या तिरफळाचा वास, वरून कच्च्या खोबरेलाची धार. सोबत तांदळाची भाकरी. दुपारी साडेबारापासून, संपेपर्यंत."

यातली ओळ परवाच्या कोंबडी-वड्यांवर जशीच्या तशी लावता येत नाही. तुमची जुनी लावता आली असती. 'ताजा फडफडीत' मात्र लिहू नका, पुण्यात बांगडा बर्फातून येतो हे खाणाऱ्यांना ठाऊक असतं. 'आज सकाळी बाजारातून आणलेला' म्हणा, तेही खरं असेल तरच.

खवय्या_नाशिक: कुरकुरीतचं पटलं. पण तिरफळाने जिभेला मुंग्या येतात, ते का गाळलं? तीच तर खासियत.

जुनी_पाटी: नवखं माणूस बिचकेल. मी नाही लिहिणार.

सोलकढी: वहिनी म्हणते, लिहीच. मागे एकाने तिरफळ चावलं, जीभ बधिर झाली, मासा खराब आहे असं समजून त्याने ताट परत पाठवलं. फळ्यावर खाली लिहिते: 'तिरफळ वासापुरतं आहे, चावू नका, बाजूला काढा. चावल्यास जिभेला थोडा वेळ मुंग्या येतात.' स्टेटसवर घालावं की नाही, ते अजून ठरत नाहीये.