मदत हवी आहे: अल्बमच्या फोटोंखालच्या ओळी सेव्ह केल्यावर तुटतात

निळीशाई
घरच्या जुन्या अल्बममधले ४३ फोटो स्कॅन करून ऑनलाइन अल्बममध्ये चढवते आहे. एका वेळी एकच फोटो घेतो आणि प्रत्येकाखाली छोटी ओळ लिहायची सोय आहे. १७ झाले. आज सहज मागे जाऊन बघितलं तर अर्ध्याअधिक ओळी मध्येच तुटलेल्या! काहींच्या शेवटी चौकटीत प्रश्नचिन्ह आहे. काय करू? रविवारी सगळे जमणार आहेत, तोवर पूर्ण करायचंय.

भटकभवानी
कुठली साइट? मोबाइल की कॉम्प्युटर? ओळ किती मोठी? धागा काढताना एवढं तरी सांगावं.

जुनाखोका
फोटो किती डीपीआयने स्कॅन केलेत? ६००च्या खाली जाऊ नका. मी ३००ने केले आणि पुन्हा सगळे करावे लागले. चिकट पानांचा अल्बम असेल तर फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा.

निळीशाई
@जुनाखोका स्कॅन झालेत हो, प्रश्न ओळींचा आहे.
@भटकभवानी कॉम्प्युटर, ब्राउझर. साइट नातेवाइकांनी ठरवलेली आहे, बदलता येणार नाही. ओळी लहानच आहेत.

चष्मिष
"लहान" म्हणजे? एक तुटलेली ओळ जशी दिसते तशी इथे चिकटवा आणि तुम्ही मुळात काय लिहिलं होतं तेही द्या. टाइप करताना आकडा दिसतो का?

निळीशाई
लिहिलं: आजी, मोठी आत्या आणि मी, जुन्या घराच्या अंगणात
दिसतं: आजी, मोठी आत्या आणि मी, जुन्या घराच्या �
खाली 45/100 असं येत होतं, लाल वगैरे काही झालं नाही. आणि मी मोजली तर १८च अक्षरं आहेत! ४५ कुठून आले?

दोनशब्द
मराठी अक्षर डबल जागा घेतं, म्हणून. एसएमएसचं आठवतंय का? इंग्रजीत १६० अक्षरं, मराठी लिहिलं की ७०. हे तेच आहे. तुमची मर्यादा १०० नाही, ५० समजा.

चष्मिष
@दोनशब्द दिशा बरोबर, हिशोब चुकला. डबल असतं तर ४५ दुणे ९०, म्हणजे १००च्या आत. मग ही ओळ तुटलीच नसती. एसएमएसमध्ये मराठी अक्षराला दोन बाइट लागतात. वेबवर यूटीएफ-८ चालतं, तिथे देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. स्पेस, स्वल्पविराम आणि इंग्रजी आकड्याला मात्र एकच.

@निळीशाई तुमच्या डोळ्याला "त्या" हे एक अक्षर दिसतं. कॉम्प्युटरला ती चार चिन्हं आहेत: त, हलन्त, य आणि काना. म्हणून १८ अक्षरांचे ४५ झाले. त्यातली ३६ देवनागरी, म्हणजे १०८ बाइट, आणि ९ स्पेस-स्वल्पविराम. एकूण ११७. पाटीवरचा आकडा चिन्हं मोजतो, पण पलीकडे साठवताना १०० बाइटवर कात्री लागते. "घराच्या" आणि त्यापुढची स्पेस इथवर बरोबर ९९ बाइट होतात. शंभरावा बाइट म्हणजे "अं"मधल्या "अ"चा पहिला तुकडा. एकतृतीयांश "अ" कुणालाच वाचता येत नाही, म्हणून ते प्रश्नचिन्ह.

भटकभवानी
बाप रे. मला वाटायचं तो फाँटचा प्रॉब्लेम असतो.

निळीशाई
मग आधीच्या ओळींचं उरलेलं परत कसं मिळवायचं? मी थेट तिथेच टाइप करत होते.

चष्मिष
नाही मिळणार. साइटने ते साठवलंच नाही. पुन्हा लिहावं लागेल, आणि आता आधी एखाद्या फाइलमध्ये लिहा.

कात्रणवाला
एवढा उपद्व्याप कशाला? फोटोखाली पांढरी पट्टी जोडा आणि त्यावरच मजकूर टाका. फोटो एडिटरमध्ये दोन मिनिटं. ना बाइट, ना कात्री. मी दीडशे फोटो असे केले.

जुनाखोका
फोटोवर लिहायचं?! उद्या आत्याचं नाव चुकलं असं कळलं तर? मूळ फाइलला कधीही हात लावू नये.

कात्रणवाला
मूळ वेगळी ठेवतोच की. आणि तुमच्यासारखे मागे बॉलपेनने लिहून पुढच्या फोटोवर शाई उमटवणारे आम्हाला शिकवणार?

जुनाखोका
मी मऊ पेन्सिलीने लिहितो. असो.

चष्मिष
पट्टीवरचा मजकूर शोधून सापडत नाही, एवढंच म्हणतो. पूर्ण ओळ फोटोच्या फाइलच्या आतच ठेवता येते. ExifTool नावाची फुकट गोष्ट आहे. captions.csv अशी फाइल करा, यूटीएफ-८मध्येच सेव्ह करा, नाहीतर सगळीकडे प्रश्नचिन्हं होतील. ओळीत स्वल्पविराम असेल तर अवतरणचिन्हं हवीतच:

```
SourceFile,XMP-dc:Description
photos/001.jpg,"आजी, मोठी आत्या आणि मी, जुन्या घराच्या अंगणात"
```

मग photos फोल्डर जिथे आहे तिथून:

```
exiftool -csv=captions.csv photos
```

४३ फोटोंना एका फटक्यात लागेल. आधीची फाइल 001.jpg_original अशा नावाने शेजारी राहते, त्यामुळे @जुनाखोका यांनी काळजी करू नये. पण आधी एकाच फोटोवर करा आणि तो चढवून बघा. काही साइट ही ओळ उचलतात, काही बघतही नाहीत.

निळीशाई
केलं! (मुलाने केलं, खरं तर.) फोटो चढवल्यावर चौकटीत ओळ आपोआप आली. आणि सेव्ह केल्यावर तिथेच तुटली. 😑

दोनशब्द
म्हणजे शेवटी लहानच लिहायचं. मी आधीच म्हणालो होतो.

चष्मिष
साइटवर हो. फाइलमध्ये पूर्ण ओळ राहिली आहे, ती तुटलेली नाही. फक्त चॅटवरून फोटो पाठवलात तर बहुतेक वेळा आतली ओळ गळून पडते, तेव्हा जमलेल्यांना मूळ फाइलच द्या.

साइटसाठी सोपा नियम: पाटीवर ३३ किंवा कमी दिसलं तर कधीच तुटणार नाही. त्याच्या पुढे गेलात तर आकड्याला तीनने गुणा आणि प्रत्येक स्पेस, स्वल्पविरामामागे दोन वजा करा. तुमची ओळ अशी करता येईल:

आजी, मोठी आत्या, मी, जुनं अंगण

हे ३० दिसतील, ७४ बाइट. पुढे साल टाकायचं तर 1978 लिहा, १९७८ नको. स्पेस धरून पहिल्याने ७९ होतात, दुसऱ्याने ८७.

भटकभवानी
म्हणजे मराठीत लिहिल्याचा दंड तिप्पट. रोमनमध्ये लिहा आणि मोकळे व्हा.

निळीशाई
आजी वाचणार आहे, रोमन कसं चालेल? "आणि" काढून टाकते सगळीकडून. २९ फोटो झाले आता.
पण दहा-बारा फोटो झाले की मध्येच पुन्हा लॉगिन मागतं आणि चौकटीतली ओळ जाते. त्याला काय करायचं?

दोनशब्द
कुकीज क्लिअर करा.

चष्मिष
@दोनशब्द त्याने लॉगिन उलट लगेच जाईल!
@निळीशाई किती मिनिटांनी जातं ते बघितलंत का? फोटोंच्या संख्येमुळे की वेळेमुळे, ते आधी कळायला हवं. आणि ओळ फाइलमधून आपोआप येत असेल तर ती जाऊ नये. तुम्ही चौकटीत पुन्हा बदलताय का?

निळीशाई
हो, लांब ओळ येते ती खोडून छोटी लिहिते ना.

चष्मिष
मग चढवायला फोटोंची वेगळी प्रत करा आणि तिच्यात छोटीच ओळ घाला. दुसरी सीएसव्ही, तीच आज्ञा, फक्त सीएसव्हीचं आणि फोल्डरचं नाव नवं.

जुनाखोका
ती दुसरी प्रत ६०० डीपीआयचीच ठेवा.